संघपालच्या घड्याळाचा लाल बाण

गुलाबरावांचा घड्याळावर विश्वास होता, पण घड्याळ बघणाऱ्यावर नव्हता. त्यांची सगळी नोकरी चिखलीच्या एसटी स्टँडवर वाहतूक नियंत्रकाच्या खिडकीत गेली. गाडी उशिरा आली की ड्रायव्हर खिडकीशी येऊन कारण सांगायचा आणि गुलाबराव ते नोंदवायचे. टायर फुटला, फाटक लागलं, मेंढ्या आडव्या आल्या. एका ड्रायव्हरने तर वऱ्हाडी मंडळींनी गाडी थांबवून नवरदेवाला बळंच आत बसवलं असं सांगितलं होतं. गुलाबरावांनी तेही नोंदवलं आणि नवरदेवाचं तिकीट काढलं होतं का ते विचारलं. एवढी वर्षं कारणं ऐकल्यावर त्यांचं एक मत पक्कं झालं होतं: माणूस उशीर करत नाही, माणूस उशीर करायचं ठरवतो.

निवृत्त होऊन ते उंद्रीच्या अलीकडच्या आपल्या गावी, पिंपळझिरीला राहायला आले. आता खिडकी नव्हती. पण नजर होती, आणि नजरेला कामधंदा हवा. दूधवाल्याचं माप, पिठाच्या गिरणीचा काटा, मोबाइलमधला रिचार्ज, सगळ्यांवर त्यांचा संशय होता. त्यांच्या सौ. सिंधूताई म्हणायच्या, "यायच्या पानात जरा मोठी भाकर पडली तरी इचारतेत, काऊन मोठी केली म्हणून."

असा माणूस वरच्या आळीत राहायला आला आणि गावाचं पाणी सोडायला होता संघपाल. मग दुसरं काय होणार?

संघपाल म्हणजे चाळिशीचा, उंच, हसरा गडी. माणसाएवढी लोखंडी चावी खांद्यावर घेऊन चालला की लांबून वाटावं, कुणीतरी नांगर घेऊन लग्नाला निघालंय. टाकीखालच्या चौकात तीन खड्डे, तीन वॉल. एक खालच्या आळीचा, एक मधल्या आळीचा, एक वरच्या आळीचा. रात्री वीज असेल तेव्हा विहिरीवरून टाकी भरायची आणि सकाळी एकेका आळीला पाऊण पाऊण तास पाणी सोडायचं. एवढंच काम. चावी घालायची, फिरवायची, आणि वेळ झाली की परत फिरवायची.

त्यातलं 'परत फिरवायची' हे संघपालला जमत नव्हतं.

बाकी त्याला सगळं जमायचं. शाळेचा हापसा त्याने एकट्याने उकलून दुरुस्त केला होता. कुणाची म्हैस अडली की हा पुढे. कुणाच्या मोटारीचा आवाज बिघडला की हा कान लावून सांगायचा कुठे बेरिंग गेलं ते. पण एकदा साखर आणायला म्हणून घरातून निघाला तो दुपारी परत आला. अंगाला ग्रीस, हातात कुणीतरी दिलेली वांगी, आणि साखर नाही. एकदा मोटारसायकलने चिखलीच्या बाजाराला गेला आणि एसटीने परत आला. घरी येऊन जेवायला बसल्यावर आठवलं की गाडी बाजारातच आहे.

त्याने उपाय केले नव्हते असं नाही. आधी रुमालाला गाठ मारायचा. गाठ दिसायची, पण कशाची ते आठवायचं नाही. एका रुमालाला पाच गाठी झाल्यावर बायकोने तो पोतेरं म्हणून घेतला. मग तो तळहातावर पेनाने लिहू लागला. पण पाणी सोडणाऱ्याच्या तळहातावर शाई टिकणार किती? मग मोबाइलचा गजर. गजर वाजायचा, संघपाल बोलत असायचा, बोलता बोलता अंगठ्याने गजर बंद करायचा, आणि गजराबरोबर कामही बंद व्हायचं.

मग खालच्या आळीचा वॉल सुटलेलाच राहायचा. खालची आळी उतारावर, तिकडे पाणी धो धो जायचं. टाकी रिकामी व्हायची आणि शेवटचा नंबर असलेल्या वरच्या आळीच्या नळातून नुसता वाऱ्याचा फुस्स असा आवाज यायचा. तो आवाज गुलाबरावांना वैयक्तिक अपमान वाटे. त्यात भर अशी की संघपालची सासुरवाडी खालच्या आळीत.

"इसरतो म्हणे," गुलाबराव ओट्यावर बसून म्हणायचे. "दरवेळी खालच्याच आळीत कसा इसरतो? वरच्या आळीचं पाणी चालू ठिवून कधी इसरला का?"

सिंधूताई म्हणाल्या, "वरच्या आळीपर्यंत पाणी आलंच कवा, चालू ठिवून इसराले?"

हे उत्तर बरोबर होतं. त्यामुळे गुलाबरावांना ते संशयास्पद वाटलं.

उन्हाळ्याच्या तोंडाला वरची आळी लागोपाठ कोरडी राहिली तेव्हा ग्रामसभेत विषय निघाला. सरपंच कोकिळाताई शांत बाई. पण त्यांनाही वरच्या आळीत मतं मागायला जायचं होतंच. ठरलं असं की संघपालला शेवटची संधी. अजून एकदा त्याच्या चुकीने वरची आळी कोरडी राहिली, तर दुसरा माणूस. संघपाल खाली मान घालून हो म्हणाला. त्याच्या घरी दोन पोरं शाळेत आणि शेती म्हणाल तर नावाला. गावाला हे ठाऊक होतं. गुलाबरावांनाही ठाऊक होतं. पण त्यांच्या मते घरी पोरं असलेला ड्रायव्हरही टायर फुटल्याचं खोटं सांगतोच.

त्या रविवारी संघपालची भाची आली. महामाया तिचं नाव. बुलढाण्याच्या एका दवाखान्यात समुपदेशक होती. मामाला ती आधीच डॉक्टरकडे घेऊन गेली होती. तिथे त्याच्याशी, त्याच्या बायकोशी लांबलचक बोलणं झालं, लहानपणचं विचारलं, शाळेत हा खिडकीबाहेर बघत बसायचा ते आठवून सांगायला मोठ्या बहिणीला बोलावलं. मग डॉक्टरांनी सांगितलं, याला लक्ष टिकवण्याचा त्रास आहे, आणि तो लहानपणापासूनचा आहे. औषधाचं पुढे बघू म्हणाले. पण नोकरी आत्ताच धोक्यात होती. म्हणून महामाया एक घड्याळ घेऊन आली.

साधं भिंतीवरचं घड्याळ, मोठ्ठ्या आकड्यांचं. पत्र्याच्या उघड्या पेटीत बसवून तिने ते टाकीच्या खांबाला, वॉलच्या खड्ड्यांच्या बरोबर समोर ठोकून घेतलं. घड्याळाच्या कडेने फिरेल असा पत्र्याचा लाल बाण. खाली एक खिळा, आणि खिळ्याला अडकवायला तीन पाट्या: खालची, मधली, वरची.

चौकात गर्दी जमायला वेळ लागला नाही. कुणी म्हणालं, लिलाव आहे. कुणी म्हणालं, निवडणुकीची निशाणी आहे, बाण लाल म्हणजे कोणाची ते ओळखा. गुलाबराव पुढे झाले, चष्मा पुसला आणि चौकशीला उभे राहिले.

महामायेने न कंटाळता सांगितलं. वॉल सोडला की मामा त्या आळीची पाटी अडकवणार आणि बाण फिरवून बंद करायच्या जागी ठेवणार. मोठा काटा बाणाला टेकला की वॉल बंद. मोबाइल गळ्यात राहणार; तो दर दहा मिनिटांनी वाजणार, आणि त्याचं सांगणं एकच, बाणाकडे बघ. शिवाय वॉल सुटलेला आहे तोवर चावी खांद्यावरून खाली ठेवायची नाही.

"दिवसभर तो लोखंडी खांब घेऊन फिरन का तो?" गुलाबरावांनी विचारलं.

"ते घेऊन कोणाच्या घरात शिरता येत नाही ना बाबा," महामाया म्हणाली. "म्हणूनच."

लोक हसले. गुलाबराव हसले नाहीत. त्यांनी मुद्द्याचं विचारलं: मोबाइल वाजतोच, तर हे भिंतीवरचं नाटक कशाला?

"गजर एकदा बंद केला की तो गेला. घड्याळ जात नाही, ते तिथंच राह्यते. आन् रुमालाची गाठ फक्त काहीतरी आहे एवढंच सांगायची. काय, कुठं, कवा, हे सांगायची नाही. मामाले समजत नाही असं नाही, मनात नाही असंही नाही. त्याले येळ जाते ते जाणवत नाही. दहा मिंटं आन् तास त्याले सारखेच. म्हणून येळ डोक्यात ठिवायचीच नाही. जिथं काम आहे तिथं, डोळ्यासमोर मांडायची. बाण आन् काटा यायच्यात किती जागा उरली ते त्याले दिसलं पाह्यजे."

गुलाबरावांनी हे सगळं ऐकून घेतलं. घरी येऊन त्यांनी सिंधूताईंना निकाल सांगितला: पूर्वी ड्रायव्हर टायर फुटल्याचं सांगायचे, आता भाच्या डॉक्टरचं सांगतात. आपण इतकी वर्षं शेकडो गाड्यांची वेळ डोक्यात ठेवली, आपल्याला लागलं का भिंतीवर काही?

सिंधूताईंनी त्यांच्यापुढे चहा ठेवला. बशीत नेहमीसारखी रक्तदाबाची गोळी होती. गुलाबरावांनी ती घेतली आणि चहा प्यायला.

घड्याळ लागलं आणि वरच्या आळीला पाणी येऊ लागलं. नळ फुस्स न करता भळभळू लागला. बायका म्हणाल्या, भाचीनं सोनं केलं. संघपाल चावी खांद्यावर घेऊन चौकात फेऱ्या मारायचा, मोबाइल वाजला की मान वर करून घड्याळ बघायचा, आणि बाण-काट्यातली जागा बोटांनी मोजल्यासारखी करून पुढे चालू लागायचा. कुणी चहाला बोलावलं तर चावीकडे बोट दाखवायचा.

सगळं गाव समाधानी झालं की गुलाबराव अस्वस्थ व्हायचे. पाणी वेळेवर येतंय याचा अर्थ काय? याचा अर्थ संघपालला वेळेवर बंद करता येतंच. म्हणजे आधी येत होतं. म्हणजे आधी तो मुद्दाम करत होता. आता नोकरी जाईल म्हणून नीट वागतोय आणि मध्ये घड्याळ उभं केलंय, म्हणजे मागचं सगळं दुखण्याच्या नावावर जमा. असा हिशेब लावल्यावर गुलाबरावांना रात्री झोप येईना. कारण हिशेब चोख होता आणि पुरावा नव्हता.

पुरावा कसा काढायचा हेही त्यांना स्टँडनेच शिकवलं होतं. एखादा कंडक्टर खरंच गाडीत बसून तिकिटं फाडतो की स्टँडवरच बसून, हे बघायचं तर मध्येच एका थांब्यावर जाऊन उभं राहायचं.

त्या दिवशी सकाळी संघपालने खालच्या आळीचा वॉल सोडला, पाटी अडकवली, बाण नऊच्या आकड्यावर आणून ठेवला. म्हणजे आठला सुरू, पावणेनऊला बंद. आदल्या दिवशीच त्याने बाणाला नवा लाल ऑइलपेंट दिला होता, उन्हाने फिका पडला म्हणून. मोबाइल एकदा वाजला, दुसऱ्यांदा वाजला. दोन्ही वेळा त्याने घड्याळ बघितलं. मग मधल्या आळीत हरिओमच्या नळाची तोटी गळत होती ती बघायला तो दारापर्यंत गेला. चावीमुळे आत जाता येईना, म्हणून उंबऱ्याबाहेर उभा राहून आतल्या हरिओमला पाना कसा फिरवायचा ते सांगू लागला.

चौकात कुणी नव्हतं. गुलाबराव खांबाशी गेले. काटा चारच्या जरा पुढे होता. त्यांनी बाण धरला आणि तीनवर नेऊन ठेवला, काट्याच्या मागे. आता काट्याला बाणापर्यंत पोचायला जवळजवळ सगळं घड्याळ फिरून यावं लागणार होतं.

त्यांचा विचार साधा होता. संघपालच्या डोक्यात वेळ असेल तर तो पावणेनऊला वॉल बंद करणारच, बाण कुठेही असो. नाहीतर बाण हलल्याचं त्याच्या लक्षात येईल आणि तो ओरडेल. काहीही झालं तरी सिद्ध होणार की याला सगळं आठवतं. गुलाबराव समोरच्या देवळाच्या ओट्यावर जाऊन बसले आणि मोबाइलमध्ये बघत असल्यासारखं करू लागले. मोबाइल उलटा होता.

गळ्यातला फोन वाजला. संघपाल चौकात आला, मान वर केली, बघितलं. संघपालने बोटांनी जागा मोजल्यासारखी केली, चेहऱ्यावर 'अजून लई येळ आहे' असं काहीतरी उमटलं, आणि तो परत हरिओमकडे गेला.

पावणेनऊ होऊन गेले. फोन वाजला, संघपालने बघितलं, गेला. त्याच्या चेहऱ्यावर शंका नव्हती. गुलाबरावांना आयुष्यात पहिल्यांदा शंका नसलेला चेहरा बघून भीती वाटली. या माणसाला खरंच माहीत नव्हतं. बाण जे सांगत होता तेच त्याला ठाऊक होतं, त्याच्या पलीकडे काही नव्हतं. आपण बाण सरकवला नाही, आपण त्या माणसाच्या डोक्यात हात घातला, असं काहीतरी त्यांच्या मनात आलं आणि त्यांना ते आवडलं नाही.

उठून बाण परत नवावर सरकवायचा, एवढंच करायचं होतं. पण एव्हाना चौकात दोन बाया घागरी घेऊन उभ्या होत्या. त्यांच्यासमोर सरकवायचा तर का सरकवला ते सांगावं लागणार. गुलाबराव उठले, बसले, पुन्हा उठले. दुसऱ्यांची कारणं नोंदवायची सवय होती त्यांना, स्वतःचं एकही सुचेना. तेवढ्यात मोठा काटा बाराच्या पुढे गेला, आणि बाणापाशी पोचला तेव्हा संघपाल धावत आला, चावी घातली, वॉल बंद केला आणि हसत मधल्या आळीचा वॉल सोडला.

मधल्या आळीला पाणी थोडा वेळ आलं. वरच्या आळीच्या नळाने फुस्स केलं.

त्या दिवशी वरच्या आळीत अन्नपूर्णाबाईंच्या नातीची हळद होती. मांडव घातलेला, पाहुणे उतरलेले, आणि पिंपात पाणी नाही. अन्नपूर्णाबाई चौकात आल्या, आणि त्यांच्यामागे वरची आळी. रात्रीशिवाय टाकी भरणार नव्हती. कोकिळाताईंनी उंद्रीहून टँकर मागवला आणि दुसऱ्या दिवशी सकाळी ग्रामपंचायतीत सभा बोलावली. विषय सगळ्यांना माहीत होता.

गुलाबराव घरी आले. सिंधूताई शेजाऱ्याच्या घरून आणलेल्या एका घागरीत सगळा स्वयंपाक कसा बसवायचा या विवंचनेत होत्या. त्यांनी नवऱ्याकडे बघितलं, मग त्याच्या उजव्या अंगठ्याकडे.

"हळद तर अजून लागाची हाये," त्या म्हणाल्या. "तुमाले कुकू कुठं लागलं?"

गुलाबरावांनी अंगठा मुठीत झाकला. रंग आहे म्हणाले, गेटचा. त्यांच्या गेटला कधी लाल रंग नव्हता. सिंधूताई घागरीकडे वळल्या. ज्या घरात एक माणूस आयुष्यभर संशय घेतो, त्या घरातल्या दुसऱ्या माणसालाही ते शिक्षण आपोआप मिळत असतं. एवढंच की त्या कधी त्याचा डंका पिटत नसत.

दुसऱ्या दिवशी सकाळी सिंधूताईंनी चहा ठेवला. गुलाबरावांनी चहा प्यायला, टोपी घातली, सभेला निघाले.

"गोळी घेतली का?" सिंधूताईंनी विचारलं.

"घेतली."

"कवा?"

"आत्ता. चहासंगं. रोजच्यासारखी."

"आज म्या बशीत ठिवलीच नव्हती."

गुलाबराव दारात थांबले.

"सहा वर्सं झाले, रोज मी बशीत गोळी ठिवते. तुमी म्हणता, मी कधी इसरत नाही. इसरन कसे? चहा आला की समोर गोळी. तिकडं स्टँडावर तरी काय होतं? भिंतीवर घड्याळ होतं, फलकावर गाड्या लिहेल होत्या, खिडकीत भोंगा होता. तवा कोणी म्हणलं का तुमाले, हे नाटक हाये म्हणून?" त्यांनी डबीतून गोळी काढून त्यांच्या हातावर ठेवली, लाल अंगठ्याच्या शेजारी. "त्याचीबी बशी तुमी सरकवली. मले सगळं दिसलं नाही, पण अंगठा दिसला."

गुलाबरावांनी गोळी पाण्याशिवायच गिळली. पाणी मागायची हिंमत नव्हती.

सभेत सगळं वरच्या आळीच्या बाजूचं चाललं होतं. कुणी घड्याळाला शिव्या दिल्या, कुणी भाचीला. अन्नपूर्णाबाईंनी सांगितलं की टँकरच्या पाण्याने हळदीचा रंगच चढला नाही. कोकिळाताईंनी संघपालला विचारलं, काय झालं ते सांग.

संघपाल उभा राहिला. आज त्याच्या खांद्यावर चावी नव्हती आणि त्यामुळे तो लहान दिसत होता.

"ताई, मीच बाण चुकीच्या जागी लावला असन," तो म्हणाला. "कुठं लावला ते मले आठवत नाही. आठवलं असतं तर घड्याळ काऊन लावलं असतं?"

कुणीतरी हसलं, पण अर्ध्यावर थांबलं. त्याच्या आवाजात बहाणा नव्हता. जिथे दुसरा माणूस छातीठोकपणे म्हणाला असता की मी बरोबर लावला होता, तिथे याला ते म्हणता येत नव्हतं. बाण कुणी हलवला, असा संशयदेखील त्याच्या मनात आला नव्हता. त्याचा एकाच माणसावर संशय होता, तो म्हणजे स्वतः. असा आरोपी गुलाबरावांच्या खिडकीशी कधीच आला नव्हता.

कोकिळाताई दुसऱ्या माणसाचं नाव घ्यायला लागल्या. मागच्या रांगेतून गुलाबराव उभे राहिले.

"ताई, बाण त्यानं नवावरच लावला व्हता. मी पाह्यलं. तिनावर मी नेला."

सगळी सभा वळून बघू लागली. त्यांनी अंगठा वर केला. लाल रंग अजून निघाला नव्हता, ऑइलपेंट होता.

"मले वाटे, तो सोंग करते. म्हणलं परीक्षा घ्यावी." त्यांनी डोक्यावरची टोपी काढली. "परीक्षेत तो पास झाला. पाणी मी सांडलं."

कारण विचारायची पाळी आता सभेची होती, आणि सभेने ते यथासांग विचारलं. अन्नपूर्णाबाईंनी तर गुलाबरावांच्या सासुरवाडीपर्यंत विचारलं. टँकरचे पैसे कोण भरणार हे फार न बोलता ठरलं. कोकिळाताईंनी निकाल दिला: संघपालची चूक धरायची नाही, आणि घड्याळाच्या पेटीला काचेचं दार बसवायचं, कुलपासकट.

"दाराचं ठीक हाये," संघपाल म्हणाला, "पण कुलपाची किल्ली मी ठिवतो कुठं, हा नवा इषय हून बसन."

सभा हसली. मग महामायेला फोन लावला. ती म्हणाली, कुलूप नको, दार पुरे. किल्ली म्हणजे विसरायला आणखी एक गोष्ट. त्यापेक्षा मामाने बाण लावताना मोठ्याने बोलावं, कोणती आळी आणि बाण कुठे ते. ऐकणारा कुणी एक असला तर बाण हलला तरी त्याला ठाऊक राहील.

ऐकणारा कोण, हे कुणी विचारलं नाही. सगळे आधीच गुलाबरावांकडे बघत होते.

तेव्हापासून सकाळी आठच्या आधी गुलाबराव देवळाच्या ओट्यावर हजर असतात. संघपाल बाण लावून हाक देतो, "काका, खालची आळी, बाण नवावर." गुलाबराव उठून खाकरतात. मग पिंपळझिरीच्या चौकात जुन्या चिखली स्टँडवरचा तो नाकातला आवाज घुमतो: "खालच्या आळीकरिता पाणी सुटलेलं आहे. पावणेनऊ वाजता बंद होईल. मधल्या आळीच्या महिलांनी घागरी तयार ठेवाव्यात." बायका पदरात हसतात. पण घागरी तयार ठेवतात.

उन्हाळा सरत आला तेव्हा एका सकाळी गुलाबरावांना दिसलं की घड्याळ खांबाच्या दुसऱ्या बाजूला गेलंय, आणि बाण पिवळा झालाय. ते ताडकन उठले.

"काऊन बदललं बे?"

"डोळ्याले सवय झाली, काका," संघपाल म्हणाला. "परवा फोन वाजला, मी घड्याळ पाह्यलं, आन् दिसलंच नाही. भिंतीसारखं झालं ते. महामाया म्हणे, जागा बदल, रंग बदल. असं होतेच म्हणे."

गुलाबरावांनी ते ऐकून घेतलं. मग घड्याळाच्या पुढे उभे राहिले, आपल्या मनगटावरच्या घड्याळाशी मिनिट पडताळलं, काच नीट लागली आहे का ते बोटाने दाबून बघितलं, आणि बोटाला पिवळा रंग लागला नाही ना, तेही बघितलं.

घरी गेल्यावर चहा आला. बशी रिकामी होती. गुलाबरावांनी सिंधूताईंकडे संशयाने बघितलं. सिंधूताईंनी नुसती मान वळवली. गोळी आज चष्म्याच्या घरावर होती.